लोणारचं वय, सहावीच्या भाषेत: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

काम असं आहे. आमच्या वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर मुलांसाठी दर महिन्याला एक विज्ञानाचा कागद लावतो, या वेळचा विषय लोणार, कारण शेजारच्या शाळेची सहावीची सहल फेब्रुवारीत तिकडे चाललीये. मोठ्यांसाठी मी आधीच एक सारांश लिहून ठेवला होता, २०११ साली जिऑलॉजी या नियतकालिकात फ्रेड जूर्दान आणि सहकाऱ्यांचा लोणारच्या वयावर शोधनिबंध आला त्याचा. तोच सोपा करायचा. एका कागदावर मावला पाहिजे, बारा वर्षांच्या मुलाला एकट्याने वाचून कळला पाहिजे, आणि शोधनिबंधात नाही ते काही त्यात येता कामा नये.

मोठ्यांच्या सारांशातलं मुख्य वाक्य हे, जसंच्या तसं:

"दख्खनच्या बेसाल्टमध्ये आघाताने निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किमी व्यासाच्या लोणार विवराचं वय थर्मोल्युमिनिसन्स पद्धतीने (१९९७) ५२,००० ± ६,००० वर्षं निघालं होतं, मात्र आघातात वितळलेल्या खडकाच्या आर्गॉन-आर्गॉन कालमापनातून (२०११) ते ५,७०,००० ± ४७,००० वर्षं, म्हणजे जवळपास अकरापट, येतं."

एकच वाक्य आहे पण त्यात किती काय काय कोंबलंय ते सोपं करायला बसल्यावरच कळतं. वाटलं होतं संध्याकाळी बसून उरकेल. तसं काही होणार नाहीये.

५ जानेवारी

पहिला ड्राफ्ट सरळ सारांश समोर ठेवून "हेच सोप्या शब्दांत" असा लिहिला. तो असा झाला:

"लोणार सरोवर ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी आकाशातून दगड पडून तयार झालं. आधी शास्त्रज्ञांना वाटायचं की ते फक्त ५० हजार वर्षांचं आहे, पण ते चुकीचं होतं. नंतर शास्त्रज्ञांनी खडकातला वायू मोजून त्याचं खरं वय शोधून काढलं."

वाचायला मस्त. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला पाठवला, तिचं उत्तर आलं, "अगं छान आहे पण यातलं एकही वाक्य निबंधात नाहीये." आधी राग आला, मग दोघींनी फोनवर एकेक वाक्य घेतलं.

पहिलं वाक्य सरोवराचं वय सांगतं. निबंध सरोवराचं वय सांगतच नाही, दगड आदळला केव्हा ते सांगतो. पाणी नंतर साठलं, झऱ्यांचं, पावसाचं, जमिनीखालचं, आणि ते केव्हा साठलं हा वेगळाच प्रश्न आहे. त्यात ± गेला, म्हणजे मुलाला वाटणार की कुणीतरी बरोब्बर ५ लाख ७० हजार मोजले. दुसऱ्या वाक्यात "चुकीचं होतं". १९९७ वाल्यांनी चूक केली असं कोण म्हणतंय, त्यांनी वेगळी पद्धत वापरली आणि त्या पद्धतीतून तो आकडा आला. तिसऱ्यात "खरं वय शोधून काढलं", म्हणजे विषय संपला, फाईल बंद. खरं तर ही एक मोजणी आहे, चांगली आहे, पण मोजणीच.

चारही ठिकाणी मी अवघड शब्द काढताना त्याच्यासोबत अर्थही काढून टाकला. "कालमापनातून येतं" मधलं "येतं" हे इवलंसं क्रियापद केवढं काम करत होतं, ते "शोधून काढलं" केल्यावर समजलं.

६ जानेवारी

आज कामाची पद्धत बदलली. आधी मूळ सारांशाचे तुकडे केले, एक तुकडा म्हणजे एकच गोष्ट सांगणारं छोटं वाक्य. भाषा सोपी करायची नाही, फक्त सुटं करायचं. हे निघालं:

१. लोणारचा खडक बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षं जुना.
२. सुमारे १.८ किमी व्यासाचं विवर बाहेरून येऊन आदळलेल्या वस्तूमुळे झालं.
३. १९९७ च्या मोजणीत वय ५२ हजार आलं, सहा हजार इकडेतिकडे.
४. २०११ च्या मोजणीत ५ लाख ७० हजार आलं, ४७ हजार इकडेतिकडे.
५. २०११ ची मोजणी आघातात वितळून परत गोठलेल्या खडकावर झाली, आर्गॉन वायूवरून.
६. खडकात आधीचा आर्गॉन उरला असेल तर वय फुगून येतं, म्हणून तो आहे का हे तपासावं लागतं.
७. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये पडलेली अशी विवरं मोजकी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारमध्ये रस.

सहावा मुद्दा माझ्या मुख्य वाक्यात नव्हताच, पुढच्या परिच्छेदात होता. तो आत घ्यायचा का यावर बराच वेळ गेला, त्याबद्दल खाली लिहिलंय.

प्रत्येकापुढे कंसात लिहिलं की हे किती पक्कं आहे. १ आणि २ पक्कं, त्यावर आज वाद नाही. ३ आणि ४ "एका मोजणीनुसार". ५ पक्कं, कारण त्यांनी काय केलं एवढंच सांगतोय. सोप्या ड्राफ्टमधल्या प्रत्येक वाक्याला या यादीतला नंबर देता आला पाहिजे आणि खात्री तेवढीच राहिली पाहिजे, वाढायला नको आणि कमीही व्हायला नको. नंबर देता आला नाही तर ते वाक्य माझ्या पदरचं आहे आणि ते जातं.

याच चाळणीत माझा आवडता भाग गळाला. मी लिहिलं होतं की दगड "डोंगराएवढा" होता आणि "क्षणात सगळं जंगल जळून गेलं". यादीत नंबर शोधला, नाही. काढून टाकलं. मुलांना तेच आवडलं असतं हे माहीत आहे.

९ जानेवारी

सातव्या मुद्द्याला कात्री. मंगळाचं आलं की मुलं मंगळावरच जाणार आणि वयाचं राहून जाणार. मैत्रीण हळहळली, तिच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण गाळणं वेगळं आणि बिघडवणं वेगळं, मंगळ नाही सांगितला तर उरलेलं खोटं होत नाही. ± गाळला तर होतं. आता कात्री चालवताना हाच प्रश्न विचारते, हे काढल्यावर जे उरतंय त्याचा अर्थ हलतोय का.

रिअॅक्टरचंही तसंच. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात, त्यामुळे पोटॅशियमच्या एका प्रकाराचा आर्गॉन होतो आणि मग पोटॅशियम किती होतं ते त्या आर्गॉनवरूनच कळतं. हे मी "खडकातलं पोटॅशियम आणि आर्गॉन दोन्ही किती ते मोजलं" एवढ्यावर आणलं. वाक्य खरं राहतं, फक्त वाट सांगितलेली नाही. मैत्रिणीने हे लगेच मान्य केलं.

आज एका गोष्टीने मात्र वैताग आणला. वाक्यं छोटी करा, छोटी करा असं सगळीकडे सांगतात म्हणून मी दुसऱ्या ड्राफ्टमध्ये सगळं तोडलं. "खडक वितळला. आर्गॉन निघून गेला. खडक थंड झाला. आर्गॉन साठला. शास्त्रज्ञांनी आर्गॉन मोजला." सात-आठ शब्दांच्या वर एक वाक्य नाही. वाचून बघितलं तर वितळल्यामुळे आर्गॉन गेला की नुसता त्यानंतर गेला, काही पत्ता लागत नाही. तोडताना "म्हणून", "त्यामुळे", "पण" हे सगळे शब्द पडले होते आणि सगळी गंमत तर त्यांच्यातच होती. परत जोडायला घेतलं. आता बारा-पंधरा शब्दांचं वाक्य चालतंय, जर मधे "म्हणून" असेल तर.

११ जानेवारी

बहिणीचा मुलगा शनिवार-रविवार आला होता, सहावीत आहे, मराठी माध्यम. त्याच्यावर प्रयोग केला. "कळलं का?" हे मुलाला विचारण्यात अर्थ नाही, तो हो म्हणतो आणि खेळायला पळतो. वाचायला दिलं, कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, आता तुझ्या आजीला फोनवर सांग बरं काय वाचलंस ते. आजीला खरंच फोन लावला.

त्याने सांगितलेलं मी भराभर लिहून घेतलं: "आजी, लोणारला ना साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दगड पडला आणि सगळे डायनासोर मेले आणि मग खड्डा झाला."

मी डायनासोर हा शब्द लिहिलाच नव्हता!

पण त्याने कुठून आणला ते कळलं. साडेसहा कोटी, दगड पडला, डायनासोर, हे तिन्ही त्याच्या डोक्यात आधीच एकत्र बांधलेलं होतं, टीव्हीवर बघून. आणि मी लिहिलं होतं "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टवर दगड आदळला". दोन तारखा, म्हणजे खडकाची आणि आदळण्याची, एकाच वाक्यात. मोठ्या माणसाला "पूर्वीच्या" या शब्दावरून कळतं की तारीख खडकाची आहे. मुलाने मोठा आकडा उचलला आणि जवळच्या क्रियापदाला, "आदळला"ला, चिकटवून टाकला. डायनासोरांच्या शेवटाशी ज्या आघाताचं नाव जोडतात तो मेक्सिकोत झाला, चिक्शुलूबला, आणि लोणारच्या आघाताच्या कितीतरी आधी.

दुरुस्ती म्हणून मेक्सिकोचं वाक्य टाकावं असं मनात आलं पण यादीत त्याचा नंबर नाही. त्यापेक्षा क्रम लावला. आधी लाव्हा आला आणि थंड होऊन खडक झाला, पूर्णविराम. "त्यानंतर कोट्यवधी वर्षं काहीच आदळलं नाही" असं लिहिणार होते पण ते आपल्याला कुठे माहीत आहे, म्हणून नुसतं "त्यानंतर कोट्यवधी वर्षं गेली." मग नव्या ओळीवर दगड. दोन आकड्यांच्या मधे एक अख्खं वाक्य आल्यावर रविवारी सकाळी परत वाचायला दिलं आणि आजीला परत फोन. या वेळी डायनासोर आले नाहीत. आजी म्हणाल्या, "काल तर मेले म्हणत होतास."

१३ जानेवारी

आर्गॉनचं कसं समजवायचं यात आठवडाभर अडकले होते. "खडकातलं घड्याळ" असं बऱ्याच ठिकाणी लिहितात. त्याने काही समजत नाही, घड्याळ का चालतं आणि शून्यावर कोण आणतं तेच राहून जातं.

शेवटी बादली. खडकात थोडं पोटॅशियम असतं, त्यातला अगदी किंचित भाग अस्थिर असतो आणि फार फार हळू त्यातल्या काहीचा आर्गॉन वायू होत राहतो, तो खडकात अडकून बसतो. गळक्या नळाखाली बादली ठेवली आणि थेंब किती वेगाने पडतात ते माहीत असलं तर बादलीतलं पाणी मोजून कळतं की नळ किती वेळ गळतोय. खडक वितळला की वायू सुटून जातो, म्हणजे बादली उपडी झाली, आणि थेंब पुन्हा पहिल्यापासून.

मैत्रिणीला विचारलं की नळाचा वेग तर कमी होत जातो ना, पोटॅशियम संपत चाललंय. म्हणाली, त्या पोटॅशियमचा निम्मा भाग सरायला १२५ कोटी वर्षं लागतात, तुझ्या पावणेसहा लाखात नळ हलणारही नाही, ठेव बादली.

भाच्याला फोनवर बादली सांगितली. तो गप्प, मग म्हणाला, "पण मावशी, बादली सगळी रिकामी झाली होती हे त्यांना कसं कळलं? थोडं पाणी तळाला राहिलं असेल तर?"

यादीतला सहावा मुद्दा! मी जो "मुलांना फार होईल" म्हणून बाहेर ठेवला होता तो मुलाने स्वतःच काढला. शोधनिबंधाला उत्तर द्यावंच लागतं असा तो मुद्दा आहे, आणि लोणारच्या बाबतीत किती गंभीर आहे ते गणित केल्यावर दिसतं. जुना खडक साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे तेवढ्या वर्षांचं पाणी बादलीत भरलेलं होतं. वितळताना त्यातला शंभरातला एक भाग जरी तळाला राहिला तरी साडेसहा लाख वर्षांचं पाणी उरलं. म्हणजे कालच दगड आदळला असता तरी मोजणी साडेसहा लाख सांगेल. आपला आकडाच ५ लाख ७० हजार आहे. एक टक्का शिळं पाणी सगळा हिशोब बुडवतं.

शास्त्रज्ञ यासाठी नमुना एकदम वितळवत नाहीत, थोडा थोडा तापवत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला किती वायू निघाला, त्यात कुठला आर्गॉन किती, ते वेगळं नोंदवतात. शिळा आर्गॉन असेल तर टप्प्याटप्प्यांच्या आकड्यांची तुलना केल्यावर तो दिसतो आणि हिशोबातून वेगळा काढता येतो. हे बादलीत बसत नाही. बसवायला गेले तर "वरचं पाणी वेगळं आणि खालचं वेगळं" असं काहीतरी विचित्र झालं, ते फाडलं. बादली इथे सोडायची आणि सरळ सांगायचं, टप्प्याटप्प्याने तापवून तपासलं. उपमा ओढून शेवटपर्यंत नेली की मुलं खडकात खरंच पाणी शोधायला लागतात, हे दुसऱ्या एका मुलीकडून कळलं, तिने मला विचारलं आर्गॉन ओला असतो का. त्यानंतर कागदावर "वायू" हा शब्द तीनदा घातला.

१६ जानेवारी

आता जुन्या ५२ हजारांचं काय करायचं हा प्रश्न. कागदात तो आकडा नकोच असं मला एकदा वाटलं, सोपं होईल. पण अनेक ठिकाणी अजून तोच छापलेला असतो, मुलं सहलीला जाऊन कुठेतरी ५० किंवा ५२ हजार वाचणार आणि मग एकतर आमचा कागद खोटा ठरणार नाहीतर ते. म्हणून ठेवायचा.

ठेवायचा तर दोन्हीत फरक का, हे मूल विचारणारच. मैत्रिणीने सांगितलं ते असं: थर्मोल्युमिनिसन्समध्येही काहीतरी साठत जातं, आजूबाजूच्या किरणोत्साराने खनिजात इलेक्ट्रॉन अडकत जातात, खडक तापला की ते सुटतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. पण ही बादली लहान असते, भरून वाहायला लागली की पुढचं पाणी मोजलं जात नाही, आणि काही खनिजांत ती झिरपतेही. दोन्ही वेळी वय कमी दाखवलं जातं. फार जुन्या गोष्टींना ही पद्धत अपुरी पडते ती यामुळे.

तिथेच लिहून टाकलं होतं, "१९९७ मध्ये बादली भरून वाहिली म्हणून वय कमी आलं." ती म्हणाली थांब, पद्धतीत असं होऊ शकतं हे खरं, पण लोणारच्या त्याच नमुन्यांत तसंच झालं असं तू कशावरून म्हणतेस? बरोबर होतं तिचं. "होऊ शकतं" चं "झालं" करायला एक सेकंद लागतो. शेवटी कारण कागदात घेतलंच नाही, नुसतं सांगितलं की पद्धती वेगळ्या होत्या आणि उत्तरं वेगळी आली. भिंतीवर कुणी विचारलं तर तोंडी सांगायचं, तिथे "होऊ शकतं" नीट सांगायला वेळ असतो.

मग कुठलं बरोबर, असं मूल म्हणणार. इथे मी एक बाजू घेतली आहे, लपवत नाही. नव्या आकड्याला जास्त जागा दिली, तो कसा काढला ते सांगितलं, जुना एका ओळीत. आघातात वितळलेल्याच खडकावर थेट मोजलंय म्हणून मला ते वजनदार वाटतं. पण "खरं" हा शब्द नाही वापरला.

१८ जानेवारी

आकड्यांची काटछाट. ५ लाख ७० हजार ± ४७ हजार म्हणजे ५ लाख २३ हजार ते ६ लाख १७ हजार. "पाच ते सहा लाख" लिहिलं तर वरचं टोक कापलं जातं. "साडेपाच लाख" म्हटलं तर २० हजार उगाच कमी. "पावणेसहा लाख" सगळ्यात जवळ आणि बोलायलाही छान, पण तिघा मुलांना विचारलं तर दोघांनी पावणेसहा म्हणजे सहा लाख पाव असं काहीतरी सांगितलं. पावकी-निमकीचे दिवस गेले. म्हणून आकडा आकड्यातच, ५ लाख ७० हजार, आणि पुढे "हा नेमका आकडा नाही".

± साठी "सुमारे" पुरत नाही. "सुमारे" सगळे सगळीकडे लिहितात, मुलं वाचतच नाहीत. सरळ वाक्य केलं: खरं वय यापेक्षा ४७ हजार वर्षांपर्यंत कमी किंवा जास्त असू शकतं. यात "बहुधा" घातलं, कारण ± च्या बाहेर असूच शकत नाही असंही शास्त्रज्ञ म्हणत नाहीत.

२० जानेवारी

शेवटचा मजकूर:

लोणारचा खड्डा किती जुना?

आपल्याकडचा काळा बेसाल्ट खडक फार जुना आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर आला आणि थंड होऊन हा खडक झाला. त्यानंतर कोट्यवधी वर्षं गेली.

मग एकदा अंतराळातून आलेला दगड लोणारच्या जागी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. आदळताना इतकी उष्णता झाली की तिथला थोडा खडक वितळला. खड्ड्यात पाणी साठून सरोवर झालं ते त्याच्यानंतर.

दगड आदळला केव्हा? १९९७ मध्ये एका पद्धतीने मोजलं तेव्हा उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी. २०११ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीने मोजलं, त्यांचं उत्तर आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. म्हणजे जवळजवळ अकरापट!

त्यांनी कसं मोजलं? खडकात पोटॅशियम असतं. त्यातल्या अगदी थोड्या भागापासून फार हळूहळू आर्गॉन नावाचा वायू तयार होतो आणि हा वायू खडकात अडकून राहतो. गळक्या नळाखाली ठेवलेल्या बादलीत पाणी साठतं तसा. थेंबांचा वेग माहीत असेल तर बादलीतल्या पाण्यावरून नळ किती वेळ गळतोय ते काढता येतं. खडक वितळला की वायू निघून जातो, म्हणजे बादली रिकामी होते आणि पुन्हा भरायला लागते. म्हणून आदळताना वितळलेला खडक घेऊन त्यातलं पोटॅशियम आणि आर्गॉन वायू मोजला.

पण बादली पूर्ण रिकामी झालीच नसेल तर? मग वय खूप जास्त दिसेल. म्हणून शास्त्रज्ञांनी खडक एकदम न तापवता टप्प्याटप्प्याने तापवला आणि जुना आर्गॉन उरलाय का ते तपासलं.

५ लाख ७० हजार हा अगदी नेमका आकडा नाही. खरं वय त्याहून बहुधा ४७ हजार वर्षांपर्यंत कमी किंवा जास्त असू शकतं. ५२ हजार हा आकडाही तुम्हाला काही ठिकाणी लिहिलेला दिसेल.

यादीशी ताडून पाहिलं. १ ते ६ सगळे आहेत, ७ जाणूनबुजून नाही. यादीत नसलेली एकच गोष्ट, "पाणी साठलं ते नंतर", ती ठेवली कारण आधी खड्डा आणि मग त्यात पाणी हे उघड आहे, आणि ती नसली तर खड्डा-सरोवर घोळ परत होतो. सातवीतल्या एका मुलीला आणि पाचवीतल्या एकाला वाचायला देऊन परत सांगायला लावलं. पाचवीचा बादलीपर्यंत आला आणि टप्प्याटप्प्यात अडकला. पाचवीसाठी वेगळा लिहावा लागेल, त्यात बहुतेक फक्त पहिले तीन परिच्छेद.

२२ जानेवारी

प्रिंट काढायला दुकानात गेले, ए-थ्री कलर, ४० रुपये एक. पहिल्या प्रिंटवर ± चं चिन्ह मी कोपऱ्यातल्या चित्राखाली ठेवलं होतं, फॉन्टमुळे तिथे नुसता चौकोन छापला गेला. ते ४० रुपये पाण्यात. चित्राखालीही शब्दांत लिहिलं, "४७ हजार कमी किंवा जास्त".

मग जागेचा वाद. कागद लावणारे आमचे काका, त्यांना अक्षरं मोठी हवीत, लांबून दिसायला. मोठी केली तर शेवटच्या तीन ओळी बाहेर. ते म्हणाले, "ताई, शेवटचा परिच्छेद काढू की, आकडा तर वर आलाच आहे." तोच परिच्छेद, नेमका आकडा नाही वाला. तो गेला की ५ तारखेचा ड्राफ्ट परत भिंतीवर. मी म्हटलं वरचा फोटो छोटा करू. ते म्हणाले फोटो बघूनच मुलं थांबतात. दोघांचं खरं होतं. शेवटी फोटो निम्मा केला, "म्हणजे जवळजवळ अकरापट!" ही ओळ काढली, ती मुलांना स्वतः करता येते, आणि शीर्षकाच्या खालची रिकामी जागा घेतली. अक्षरं एक पॉइंटने मोठी झाली. एकूण खर्च १२० रुपये, फसलेल्या प्रिंटसकट.

सहल ७ फेब्रुवारीला आहे. सोबत जाणाऱ्या शिक्षकांना सहा मुद्द्यांची यादी वेगळी दिली आहे, बादली गळते का असं कुणी विचारलं तर थर्मोल्युमिनिसन्सचं उत्तर त्याच्या मागच्या बाजूला लिहिलंय, "होऊ शकतं" खाली रेघ मारून.